«मिअर इस्ट यूबल»: जर्मन डॉक्टरला पोटदुखी कशी सांगायची

जर्मनीत फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात तुमचा नंबर लागला की डॉक्टर हात मिळवतात, बसायला सांगतात आणि विचारतात, «वास फ्यूर्ट झी त्सू मिअर?» म्हणजे माझ्याकडे कशासाठी आलात? मग ते थांबतात. आपल्याकडे डॉक्टर स्वतःच भराभर विचारत जातात, «ताप? खोकला? जुलाब?» आणि आपण मान डोलावतो. इथे पहिली चार-पाच वाक्यं तुम्हीच बोलायची असतात. ती नीट बोलता आली तर तपासणीची दिशा तिथेच ठरते.

ही वाक्यं बांधताना बहुतेक जण मनात आधी इंग्रजी वाक्य तयार करतात आणि मग त्याचं जर्मन करतात. माझं ठाम मत आहे की दुखण्याच्या बाबतीत हा उलटा रस्ता आहे. शरीराला काय होतंय हे सांगण्याची जर्मनची रीत पुष्कळ ठिकाणी मराठीच्या जवळ जाते. थेट मराठीतून गेलात तर अर्ध्याहून अधिक चुका होतच नाहीत. या लेखात मी फक्त पोटदुखी घेतली आहे, कारण तिच्यात जागा, वेळ, दुखण्याची जात आणि सोबतची लक्षणं असं सगळंच सांगावं लागतं.

उच्चारांबद्दल आधी थोडं. इथे जर्मन वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. «इश» (मी) या शब्दातला श मऊ आहे, जिभेचा मधला भाग टाळूजवळ नेऊन नुसता श्वास सोडायचा. «त्स» म्हणजे आपल्या «चमचा»मधला च, आणि «झाइट», «झी» यांतला झ म्हणजे साधारण «माझा»मधला झ. हे दोन्ही आवाज मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून आहेत. «यूबल»मधला यू मात्र ई म्हणता म्हणता ओठांचा चंबू करून काढायचा.

आता मुख्य गोष्ट. मराठीत आपण «मला मळमळतंय», «मला चक्कर येतेय», «मला थंडी वाजतेय» म्हणतो. «मी मळमळ आहे» असं कोणी म्हणत नाही. जर्मनमध्येही तसंच आहे. «मिअर» म्हणजे मला. मिअर इस्ट यूबल, मला मळमळतंय. मिअर इस्ट श्विंडलिश, मला चक्कर येतेय. मिअर इस्ट काल्ट, मला थंडी वाजतेय. इंग्रजीतून गेलात की तोंडात «इश बिन», म्हणजे «मी आहे», येतं आणि अर्थ भलतीकडे जातो. मिअर इस्ट श्लेश्ट म्हणजे मला कसंतरी होतंय, ओकारीसारखं वाटतंय. इश बिन श्लेश्ट म्हणजे मी वाईट आहे. इश बिन काल्ट म्हटलं तर मी थंड काळजाचा आहे असा अर्थ निघतो, आणि «मला गरम होतंय» याचं इश बिन हाइस तर चारचौघांत म्हणूच नये. तिथे मिअर इस्ट हाइस म्हणायचं.

«इश बिन» चालतं ते मराठीतही «मी» चालतं तिथेच. इश बिन क्रांक, मी आजारी आहे. इश बिन म्यूडे, मी थकलोय. एका ठिकाणी मात्र मराठीची साथ सुटते. आपण «मला ताप आहे», «मला जुलाब होतायत» म्हणतो. पण ज्या त्रासाला स्वतःचं नाव आहे, म्हणजे ताप, खोकला, सर्दी, जुलाब, तो जर्मन माणसाकडे «असतो». तिथे «इश हाबे» लागतं. इश हाबे फीबर, मला ताप आहे. इश हाबे डुर्शफाल, मला जुलाब होतायत. थोडक्यात, त्रासाचं नाव घ्यायचं असेल तर इश हाबे, आणि कसं वाटतंय ते सांगायचं असेल तर मिअर इस्ट.

दुखणं सांगायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात अवयवाच्या नावापुढे «श्मेर्त्सन» जोडायचं: बाउखश्मेर्त्सन पोटदुखी, कोप्फश्मेर्त्सन डोकेदुखी, र्‍युकनश्मेर्त्सन पाठदुखी. मग इश हाबे बाउखश्मेर्त्सन. हा शब्द असा सांगताना अनेकवचनीच ठेवायचा. दुसऱ्या मार्गात मिअर टूट डेर बाउख वे, म्हणजे शब्दशः «मला पोट दुखतं». इथे «वे» वाक्याच्या शेवटी जातो. तो विसरलात तर वाक्य अर्धं राहतं आणि समोरचा पुढच्या शब्दाची वाट पाहत बसतो. दुखणाऱ्या गोष्टी एकाहून जास्त असतील तर टूटचं टून होतं: मिअर टून डी बाइने वे, माझे पाय दुखतायत.

पायांचा विषय निघालाच आहे तर अवयवांच्या नावांकडे जाऊ. खरी फसगत तिथे होते, कारण वाक्य व्याकरणात अगदी बरोबर असतं आणि डॉक्टर भलतीच जागा तपासतात. मराठीत मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पाय. जर्मनमध्ये घोट्याखालचा तो फूस आणि वरचा अख्खा तो बाइन. पोटरीत गोळा आलाय आणि तुम्ही फूस म्हणालात तर ते बूट काढायला सांगतील. हाताचंही तसंच आहे: मनगटापुढचा हांट, त्यावरचा आर्म. «हाल्स» या एका शब्दात घसाही येतो आणि मानेचा पुढचा भागही. हाल्सश्मेर्त्सन म्हटलं की डॉक्टर तोंड उघडायला लावतात. मागून मान आखडली असेल तर शब्द आहे नाकन.

सगळ्यात जास्त गोंधळ कंबरेचा होतो. शब्दकोशात पाहिलं तर कंबरेला «ह्युफ्टे» किंवा «टाल्ये» सापडतं. टाल्ये म्हणजे शिंप्याने माप घ्यायची कंबर. ह्युफ्टे म्हणजे खुबा. तुम्ही ह्युफ्टे म्हणालात तर डॉक्टर तुमचा पाय फिरवून खुब्याचा सांधा तपासणार. आपण ज्याला कंबरदुखी म्हणतो, म्हणजे पाठीचा खालचा भाग, त्याला बोलताना «क्रॉइत्स» म्हणतात, त्यावरून क्रॉइत्सश्मेर्त्सन. हा शब्द आठवला नाही तर इम उंटरन र्‍युकन, पाठीच्या खालच्या भागात, एवढं पुरतं. वाकताना एकदम उसण भरली तर तिला जर्मन लोक हेक्सनशूस म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की पुढे फारसं समजावावं लागत नाही.

पोटाला दोन शब्द आहेत. बाउख म्हणजे बरगड्यांखालपासून जांघेपर्यंतचं सगळं पोट. मागन म्हणजे जठर, जिथे अन्न जातं ती पिशवी. बेंबीखाली दुखत असताना मागनश्मेर्त्सन म्हटलं तर डॉक्टरांचं लक्ष जळजळ, अ‍ॅसिडिटी, अल्सर यांकडे वळतं. खात्री नसेल तेव्हा बाउख म्हणावं, बोट ठेवून जागा दाखवावी आणि चार शब्दांनी ती पक्की करावी: ओबन वर, उंटन खाली, रेश्ट्स उजवीकडे, लिंक्स डावीकडे. हीअर, रेश्ट्स उंटन, इथे, उजवीकडे खाली. दाखवण्यात कमीपणा काहीच नाही, जर्मन रुग्णही दाखवतातच.

«पित्त झालंय» हे वाक्य घेऊन जर्मनीत जाऊ नये. पित्ताचा शब्द गाले, आणि तो ऐकला की डॉक्टरांच्या मनात पित्ताशय आणि त्यातले खडे येतात. पित्त म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतंय ते सांगा. छातीत जळजळ होत असेल तर इश हाबे झोडब्रेनन. आंबट ढेकर येत असतील तर झाउरेस आउफश्टोसन. आणि पित्त म्हणजे अंगावर उठलेल्या खाजऱ्या गाठी असतील तर तो विषयच वेगळा: इश हाबे आउसश्लाग, एस युक्ट, पुरळ आलंय आणि खाज सुटलीये. «उष्णता झाली», «वात आहे», «थंडी बाधली» यांनाही हाच नियम. निदान घरी ठेवायचं आणि लक्षण सोबत न्यायचं.

दुखण्याची जात सांगायला मराठी फार श्रीमंत आहे, आणि ती श्रीमंती जर्मनमध्ये बरीचशी टिकते. चमक किंवा टोचल्यासारखी कळ म्हणजे श्टेशेंट. मंद, सतत बसलेलं दुखणं डुम्प्फ. जळजळ, आग ब्रेनेंट. दाबल्यासारखं ड्र्युकेंट. ठणका म्हणजे पोखेंट, दाढेच्या किंवा पिकलेल्या गळवाच्या ठणक्यासाठी अगदी नेमका. मुरडा म्हणजे क्राम्प्फआर्टिश: येतो, वाढतो, ओसरतो, पुन्हा येतो. वाक्य सोपं आहे, डी श्मेर्त्सन झिंट श्टेशेंट. पोटदुखीत मुरडा की सतत दुखणं हा फरक डॉक्टरांसाठी मोलाचा असतो, कारण आतडं, पित्ताशयाची नळी किंवा मूत्रवाहिनी अशी पोकळ नळी अडली की ती आवळून आवळून कळा देते, आणि पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली की दुखणं एका जागी ठाण मांडतं. कळ एका जागेवरून दुसरीकडे जात असेल तर «श्ट्राल्ट आउस» वापरायचं: डेर श्मेर्त्स श्ट्राल्ट इन डेन र्‍युकन आउस, कळ पाठीत जाते.

आता वेळ. «तीन दिवसांपासून दुखतंय» हे मराठी वाक्य वर्तमानकाळात आहे, आणि जर्मनही वर्तमानकाळच वापरतं: इश हाबे झाइट ड्राय टागन बाउखश्मेर्त्सन. इंग्रजीच्या वळणाने इथे भूतकाळ घातला तर दुखणं थांबलंय असा समज होऊ शकतो. झाइट म्हणजे «पासून», फोर म्हणजे «पूर्वी». फोर ड्राय टागन म्हणजे तीन दिवसांपूर्वी ते घडलं.

«कधी वाढतं?» याचं उत्तर तर मराठी माणसासाठी आयतंच आहे. आपण क्रियापदाला «ताना» लावतो, ते लोक आधी «बाइम» लावतात. चालताना बाइम गेअन, खोकताना बाइम हूस्टन, गिळताना बाइम श्लुकन, लघवी करताना बाइम वासरलासन. «जेवल्यावर»साठी नाख डेम एसन. त्यापुढे विर्ड एस श्लिमर, वाढतं, किंवा विर्ड एस बेसर, कमी होतं.

तापाचा आकडा सेल्सिअसमध्ये द्यायचा. आपल्याकडे अजून «एकशे दोन ताप» म्हणतात, तो तिथे 38.9 होतो. 98.6 म्हणजे 37, आणि 100.4 म्हणजे 38. जर्मनीत दशांशाला कोमा म्हणतात. आकडा बोलताना एकक आधी आणि दशक नंतर येतं, आपल्या सदतीस, अडतीससारखंच: 37.9 म्हणजे झीबनउंटड्रायसिश कोमा नॉइन.

हे सगळं एका प्रसंगात बसवून पाहू. समजा आखेनला शिकणाऱ्या एका मुलाचं काल संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं. रात्री दहाला त्याने आयबुप्रोफेनची गोळी घेतली. पहाटे एक उलटी झाली. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलंय आणि चालताना धक्का बसला की कळ येते. दवाखान्यात फोन करताना त्याने एक शब्द विसरायचा नाही, आकूट: इश हाबे आकूटे बाउखश्मेर्त्सन, इश ब्राउखे हॉइटे आइनन टेर्मीन, तीव्र पोटदुखी आहे, आजचीच वेळ हवी. नुसतं «पोट दुखतंय» म्हटलं तर पुढच्या आठवड्यातली वेळ मिळण्याची शक्यता असते.

डॉक्टरांसमोर त्याने हे बोलावं. इश हाबे झाइट गेस्टर्न आबेंट बाउखश्मेर्त्सन, काल संध्याकाळपासून पोट दुखतंय. त्सुएर्स्ट उम डेन नाबल हेरुम, येट्स्ट रेश्ट्स उंटन, आधी बेंबीभोवती, आता उजवीकडे खाली. मिअर इस्ट यूबल, उंट इश हाबे आइनमाल एरब्रोखन, मळमळतंय आणि एकदा उलटी झाली. बाइम गेअन उंट बाइम हूस्टन विर्ड एस श्लिमर, चालताना आणि खोकताना वाढतं. आणि शेवटी गोळी: गेस्टर्न आबेंट उम त्सेन हाबे इश आइने इबुप्रोफेन गेनोमन. गोळीने दुखणं आणि ताप दोन्ही झाकले जाऊ शकतात, म्हणून ती सांगायचीच. औषधाचं भारतातलं ब्रँडनाव तिथे कुणाला कळेलच असं नाही, त्यामुळे पाकिटावरचं मूळ घटकाचं नाव सांगावं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही नावं तिथेही तीच आहेत, फक्त पारात्सेटामोल, इबुप्रोफेन अशी म्हणतात.

या वाक्यांतलं दुसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली स्थिरावणारं दुखणं ही अपेंडिक्सच्या सुजेची ठरावीक वाटचाल आहे. त्याने फक्त «पोट दुखतंय, उलटी झाली» एवढंच सांगितलं असतं तर ते बाहेरचं खाऊन पोट बिघडल्यासारखंही वाटलं असतं. प्रत्येकात ही वाटचाल अशीच दिसते असं नाही, पण दिसली तर ती शब्दांत आलीच पाहिजे.

मग डॉक्टर विचारतील. वी श्टार्क झिंट डी श्मेर्त्सन, फोन नुल बिस त्सेन? शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? आकडा द्यावा आणि त्याच्या जोडीला काय जमत नाही ते सांगावं: झीबन, इश कान निश्ट श्लाफन, सात, झोप लागत नाही. श्टूलगांग म्हणजे शौच, ती शेवटची कधी झाली हे विचारतील. मुलींना शेवटची पाळी कधी आली आणि गरोदरपणाची शक्यता आहे का, हे विचारलं जाईल, श्वांगर हा त्यातला ओळखायचा शब्द. खाली उजवीकडे दुखण्याची कारणं बायकांमध्ये आणखीही असतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचाच आहे. आधीचे आजार सांगताना बीपीला ब्लूटहोखड्रुक म्हणायचं. मधुमेहाला मात्र जर्मन लोक बोलताना त्सुकर, म्हणजे साखर, म्हणतात, अगदी आपल्या «शुगर»सारखं.

एक सापळा उत्तरांचा आहे. डॉक्टरांनी «हाबन झी काइन फीबर?», ताप नाही ना, असं विचारलं आणि ताप खरंच नसेल तर आपण सवयीने «हो» म्हणतो, म्हणजे «हो, नाही». तिथला «या» गोंधळ घालतो. ताप नसेल तर नाइन, काइन फीबर. असेल तर डॉख, इश हाबे फीबर. डॉख म्हणजे «नाही कसा, आहे». मान डोलावणं टाळावं, तिकडे त्याचा अर्थ हो की नाही हे कळत नाही.

तपासताना ऐकू येणारी वाक्यं छोटी असतात. लेगन झी झिश हिन, आडवे व्हा. माखन झी बिट्टे डेन बाउख फ्राय, पोटावरचे कपडे वर करा. लासन झी लोकर, पोट सैल सोडा. मग डॉक्टर पोट हळूहळू दाबतात, एकदम हात काढतात आणि विचारतात: टूट एस मेअर वे बाइम ड्र्युकन ओडर बाइम लोसलासन? दाबल्यावर जास्त दुखतं की सोडल्यावर? हा प्रश्न कळला पाहिजे. हात सोडताक्षणी कळ येणं म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला सूज पोचल्याची खूण असू शकते. उत्तर दोन शब्दांत, बाइम लोसलासन. न कळता नुसतं «या, या» म्हणत राहिलात तर ही खूण हातची जाते. कळलं नाही तर नोख आइनमाल, बिट्टे लांगझाम, पुन्हा एकदा, हळू.

संशय पक्का वाटला तर फेरडाख्ट आउफ ब्लिंटडार्मएन्ट्स्युंडुंग, अपेंडिक्सला सूज असल्याचा संशय, असं म्हणून ते आइनवाइझुंग, म्हणजे हॉस्पिटलसाठीची चिठ्ठी देतील. यूबरवाइझुंग वेगळी, ती तज्ज्ञ डॉक्टरकडे जाण्यासाठी असते. झी म्युसन न्यूश्टर्न ब्लायबन म्हणाले तर उपाशीच राहायचं, कारण ऑपरेशन होऊ शकतं. घरी जाऊन थोडा वरणभात खाऊन मग जावं, असं इथे चालत नाही.

दवाखाना बंद असेल आणि थांबवत नसेल तर 116117 हा बंद वेळेतल्या डॉक्टरसेवेचा नंबर आहे. जीव धोक्यात असेल, छातीत जोराचं दुखत असेल, श्वास घेता येत नसेल, तर 112. तिथे दोनच वाक्यं पाठ हवीत: इश हाबे श्टार्के श्मेर्त्सन इन डेर ब्रुस्ट, आणि इश बेकोमे काइने लुफ्ट, मला श्वास घेता येत नाही. त्यानंतर पत्ता.

हॉस्पिटलच्या नोटआउफनामे, म्हणजे इमर्जन्सी विभागात, हेच प्रश्न नर्स विचारते, मग तरुण डॉक्टर, मग सर्जन. तोवर दुखणं वाढलेलं असतं आणि शब्द आठवत नाहीत. म्हणून घरून निघतानाच एका कागदावर कधीपासून, कुठून कुठे, किती वेळा उलटी, किती ताप, कोणती गोळी किती वाजता आणि कशाची अ‍ॅलर्जी एवढं लिहून तो विम्याच्या कार्डाबरोबर खिशात ठेवावा. बोलवत नसेल तेव्हा नुसता पुढे केला तरी चालतो.